फेसबुक पेजवरील भूमिका आणि प्रवेशाधिकार

फेसबुक पेजवरील भूमिका म्हणजे एखादे दुकान, संस्था, शाळा किंवा व्यक्ती यांच्या नावाने चालणाऱ्या फेसबुक पेजचे काम पाहणाऱ्या निरनिराळ्या लोकांना दिलेल्या अधिकारांच्या पायऱ्या होत. ॲडमिन, एडिटर, मॉडरेटर, जाहिरातदार आणि विश्लेषक ही या पायऱ्यांची रूढ नावे आहेत. 2021 नंतरच्या पेजरचनेत त्यांची जागा ‘पूर्ण नियंत्रण’, ‘आंशिक नियंत्रण’ आणि ‘कामापुरता प्रवेश’ या संज्ञांनी घेतली असली, तरी बोलण्यात जुनीच नावे टिकून आहेत.

या सर्व भूमिकांत ॲडमिनची भूमिका वेगळ्या जातीची आहे. इतर भूमिका पेजवर काय करता येते हे ठरवतात. ॲडमिन मात्र पेजवर कोण असावे हे ठरवतो. त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश काढून घेणे हे काम एडिटर असताना करायचे आहे की ॲडमिन असताना, यावर ते दोन मिनिटांत होणार की अनेक महिने रेंगाळणार हे अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

फेसबुकने व्यवसाय व संस्थांसाठी स्वतंत्र पेजची सोय नोव्हेंबर 2007 मध्ये सुरू केली. व्यक्तीचे खाते आणि पेज यांत प्रारंभापासून एक मूलभूत फरक आहे. खात्याला स्वतःचा पासवर्ड असतो, पेजला नसतो. पेजवर जाणारी प्रत्येक व्यक्ती आपल्या वैयक्तिक खात्यातूनच जाते आणि पेज तिला तिच्या भूमिकेनुसार ओळखते. ‘पेजचा पासवर्ड बदलला’ असे पुष्कळदा म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या वेळी कोणा एका व्यक्तीच्या खात्याचा पासवर्ड बदललेला असतो, आणि त्याचा इतरांच्या प्रवेशावर काहीही परिणाम होत नाही.

आरंभी पेज सांभाळणाऱ्या सर्वांना सारखेच अधिकार असत. टिप्पण्यांना उत्तरे देण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीलाही पेज काढून टाकता येई. मे 2012 मध्ये फेसबुकने अधिकारांच्या पाच पायऱ्या केल्या. त्यांची नावे पुढे बदलून ॲडमिन, एडिटर, मॉडरेटर, जाहिरातदार आणि विश्लेषक अशी झाली. 2014 मध्ये ‘बिझनेस मॅनेजर’ ही व्यवस्था आली. तिच्यात पेज, जाहिरात खाते आणि इन्स्टाग्राम खाते ही सर्व मालमत्ता एका व्यवसायाच्या नावाखाली एकत्र ठेवता येते. या व्यवस्थेला आता ‘बिझनेस पोर्टफोलिओ’ म्हणतात. जानेवारी 2021 मध्ये पेजची नवी रचना जाहीर झाली आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने भूमिकांची आजची मांडणी लागू झाली.

## भूमिकांमधील फरक

ॲडमिन याला पेजवरील सर्व अधिकार असतात. पेजचे नाव व सेटिंग बदलणे, पेज बंद करणे, नव्या व्यक्तीला भूमिका देणे, दिलेली भूमिका कमी करणे किंवा काढून घेणे ही कामे त्याच्याच हातात असतात. पेजच्या पातळीवर ‘मालक’ अशी आणखी वरची पायरी नाही. पेजवर तीन ॲडमिन असतील, तर तिघेही समान असतात, आणि त्यांपैकी कोणीही इतर दोघांना काढू शकतो. पेज कोणी उघडले, दुकान कोणाच्या नावावर आहे किंवा पगार कोण देतो, याची दखल ही व्यवस्था घेत नाही.

एडिटर पेजचा मजकूर सांभाळतो. पेजच्या नावाने पोस्ट लिहिणे, ती खोडणे, संदेशांना उत्तरे देणे, टिप्पण्या काढणे, त्रासदायक व्यक्तीला पेजवर बंदी घालणे, जाहिराती देणे आणि आकडेवारी पाहणे हे सर्व त्याला करता येते. दैनंदिन कामापुरते पाहिल्यास एडिटर आणि ॲडमिन यांत फरक जाणवतच नाही. म्हणूनच अनेक ठिकाणी ‘काम अडू नये’ एवढ्याच कारणाने ॲडमिनचा अधिकार दिला जातो, जेव्हा एडिटरचा अधिकार पुरेसा असतो. एडिटरला दुसऱ्या कोणाची भूमिका बदलता येत नाही, हाच दोघांमधला निर्णायक फरक होय.

मॉडरेटर पेजवर येणाऱ्या लोकांशी होणारा व्यवहार पाहतो. तो संदेशांना उत्तर देऊ शकतो, टिप्पण्यांना उत्तर देऊ शकतो व त्या काढू शकतो, व्यक्तीवर बंदी घालू शकतो. त्याला पेजच्या नावाने नवी पोस्ट लिहिता येत नाही. जुन्या मांडणीत मॉडरेटरला जाहिरात देण्याचाही अधिकार होता, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नसे.

जाहिरातदार जाहिराती तयार करतो आणि आकडेवारी पाहतो. विश्लेषक केवळ आकडेवारी पाहतो. पेजच्या नावाने एखादी पोस्ट नेमकी कोणी टाकली हे मात्र या दोघांनाही दिसत असे. भूमिका व्यक्तीगणिक वेगळ्या देण्याचा हा मोठा लाभ आहे. सर्व कर्मचारी एकाच सामायिक खात्यातून काम करीत असतील, तर प्रत्येक कृतीपुढे एकच नाव लागते आणि जबाबदारी ठरवण्याचा मार्ग बंद होतो.

## नव्या रचनेतील नावे

2021 नंतरच्या रचनेत दोन प्रकारचे प्रवेश आहेत. ‘फेसबुक प्रवेश’ असलेली व्यक्ती आपल्या खात्यातून पेजवर जाऊन पेजच्या नावाने वावरू शकते. हा प्रवेश पूर्ण नियंत्रणासह किंवा आंशिक नियंत्रणासह दिला जातो. ‘कामापुरता प्रवेश’ असलेली व्यक्ती पेजच्या नावाने वावरू शकत नाही. ती मेटा बिझनेस सूटसारख्या स्वतंत्र साधनातून नेमून दिलेलेच काम करते. पूर्वीच्या भूमिका नव्या रचनेत पुढीलप्रमाणे उतरल्या.

| जुनी भूमिका | नव्या रचनेतील प्रवेश |
|---|---|
| ॲडमिन | फेसबुक प्रवेश, पूर्ण नियंत्रणासह |
| एडिटर | फेसबुक प्रवेश, आंशिक नियंत्रणासह |
| मॉडरेटर | कामापुरता प्रवेश: संदेश, टिप्पण्या, जाहिराती, आकडेवारी |
| जाहिरातदार | कामापुरता प्रवेश: जाहिराती, आकडेवारी |
| विश्लेषक | कामापुरता प्रवेश: आकडेवारी |

नवा प्रवेश देताना समोरच्या व्यक्तीला निमंत्रण जाते आणि तिने ते स्वीकारल्यावरच अधिकार लागू होतो. न स्वीकारलेले निमंत्रण यादीत ‘प्रलंबित’ म्हणून राहते. माजी कर्मचाऱ्याचा प्रवेश काढताना या प्रलंबित निमंत्रणांकडे पाहणे का आवश्यक असते, ते पुढे आले आहे.

## अन्य मंचांवरील त्याच नावांचे अर्थ

एकच नाव प्रत्येक मंचावर सारखा अधिकार दर्शवीत नाही. यूट्यूब वाहिनीवर मालक, मॅनेजर, एडिटर अशा पायऱ्या आहेत. तेथील एडिटर व्हिडिओ चढवू शकतो, प्रसिद्ध करू शकतो, परंतु प्रसिद्ध झालेला व्हिडिओ काढून टाकू शकत नाही. फेसबुकच्या एडिटरला मात्र पोस्ट खोडता येते. गूगल नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीसाठी मालक आणि मॅनेजर अशा भूमिका असतात, आणि मालकांतही एक ‘मुख्य मालक’ असतो. तेथे नव्याने नेमलेल्या मालकाला किंवा मॅनेजरला इतरांना काढण्यासारखी कामे पहिले सात दिवस करता येत नाहीत. त्यामुळे तेथील बदल कर्मचारी जाण्याच्या दिवशी नव्हे, तर किमान आठवडाभर आधी सुरू करावा लागतो. पेजची भूमिका ठरवताना नावावर न जाता ‘ही व्यक्ती दुसऱ्या कोणाला आत घेऊ किंवा बाहेर काढू शकते का’ हा एकच प्रश्न प्रत्येक मंचाला विचारणे सोयीचे ठरते.

## माजी कर्मचाऱ्याचा प्रवेश काढणे

### पूर्वतयारी

प्रवेश काढण्याचे काम पूर्ण नियंत्रण असलेल्या व्यक्तीलाच करता येते. म्हणून पहिली पायरी काढण्याची नसून मोजण्याची असते. पेजवर पूर्ण नियंत्रण कोणाकोणाकडे आहे हे पाहावे, आणि जाणाऱ्या कर्मचाऱ्याव्यतिरिक्त संस्थेच्या बाजूच्या किमान दोन व्यक्तींकडे ते असल्याची खात्री करावी. दुसरी व्यक्ती आवश्यक असते, कारण एकाच ॲडमिनचे खाते कोणी बळकावले, फेसबुकने बंद केले किंवा त्या व्यक्तीचा मृत्यू झाला, तर पेजचे दार उघडणारे कोणीच उरत नाही. निमंत्रण पाठवून भागत नाही. समोरच्याने ते स्वीकारल्याचे यादीत दिसेपर्यंत पुढची पायरी उचलू नये.

### क्रम

पेज बिझनेस पोर्टफोलिओत नोंदवलेले असेल, तर काम पोर्टफोलिओपासून सुरू करावे आणि पेजवर नंतर यावे. पोर्टफोलिओवर पूर्ण नियंत्रण असलेल्या व्यक्तीला त्यातील पेजचा प्रवेश स्वतःला पुन्हा देता येतो. केवळ पेजवरून नाव काढल्यास ती व्यक्ती मागच्या दाराने त्याच दिवशी परत येऊ शकते.

पोर्टफोलिओत मेटा बिझनेस सूटच्या सेटिंगमधील `People` या यादीत संबंधित व्यक्तीचे नाव निवडून ती व्यक्ती काढावी. पेजचे काम एखाद्या बाहेरच्या जाहिरात संस्थेकडे असेल, तर तिच्या कर्मचाऱ्याचे नाव या यादीत आढळणार नाही. अशा संस्थेला ‘भागीदार’ म्हणून प्रवेश दिलेला असतो आणि तो `Partners` या यादीतून काढावा लागतो.

त्यानंतर पेजवर यावे. आपल्या खात्यातून पेजच्या नावात जाऊन पुढील क्रमाने पोहोचता येते.

```
Settings & privacy → Settings → Page setup → Page access
```

येथे फेसबुक प्रवेश असलेल्यांची आणि कामापुरता प्रवेश असलेल्यांची अशा दोन वेगळ्या याद्या दिसतात. माजी कर्मचाऱ्याच्या नावापुढील तीन ठिपक्यांवर टिचकी देऊन `Remove access` निवडावे. खात्रीसाठी फेसबुक काढणाऱ्याचा स्वतःचा पासवर्ड मागते. पडद्यावरील शब्दांची जागा ॲपच्या आवृत्तीनुसार थोडी बदलते, परंतु `Page access` हे नाव शोधल्यास मार्ग सापडतो.

### काम पूर्ण झाल्याची खूण

नाव यादीतून गेले, एवढ्यावर थांबता येत नाही. यादीत ओळखीचे नसलेले दुसरे एखादे खाते आहे का, हे पाहावे लागते. काही लोक घरच्या दुसऱ्या फोनवरून काम करता यावे म्हणून स्वतःच्या दुसऱ्या खात्यालाही प्रवेश देऊन ठेवतात. त्यात गैरहेतू असेलच असे नाही, पण ते दार उघडेच राहते. प्रलंबित निमंत्रणेही रद्द करावीत, कारण जुने निमंत्रण स्वीकारून प्रवेश मिळवता येतो.

प्रवेश काढल्याने त्या व्यक्तीने पूर्वी टाकलेल्या पोस्ट नाहीशा होत नाहीत. त्या पेजच्या नावाने तशाच राहतात. तसेच ती व्यक्ती इतरांप्रमाणे पेज पाहू शकते आणि त्यावर टिप्पणी करू शकते. प्रवेश काढणे आणि पेजवर बंदी घालणे या दोन वेगळ्या कृती आहेत. सलोख्याने निरोप घेतलेल्या कर्मचाऱ्यावर बंदी घालण्याचे काही कारण नसते.

## पेजबाहेरील प्रवेश

पेजला पासवर्ड नसल्यामुळे भूमिका काढली की तेथील प्रवेश संपतो. पेजशी जोडलेल्या अन्य खात्यांना मात्र हा नियम लागू होत नाही.

इन्स्टाग्राम खात्याला स्वतःचे नाव आणि पासवर्ड असतो. तो कर्मचाऱ्याला ठाऊक असेल, तर पासवर्ड बदलणे, सर्व उपकरणांवरून बाहेर पडणे आणि खात्याशी जोडलेला ईमेल व मोबाइल क्रमांक तपासणे ही तिन्ही कामे करावी लागतात. त्यांपैकी शेवटचे काम सर्वाधिक विसरले जाते. पासवर्ड बदलला तरी ‘पासवर्ड विसरलो’ असे सांगून नवा पासवर्ड त्या जुन्या ईमेलवर मागवता येतो.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कर्मचाऱ्याचा संगणक जोडलेला असू शकतो. मुख्य फोनवरील ‘जोडलेली उपकरणे’ या यादीतून तो काढावा. दुकानाचा क्रमांक कर्मचाऱ्याच्या नावावरील सिमकार्डाचा असेल, तर उपकरण काढूनही उपयोग नसतो, कारण खाते त्या क्रमांकाशी बांधलेले असते.

जाहिरात खाते पेजपासून वेगळे असते आणि पैसे देण्याचे कार्ड त्या खात्याला जोडलेले असते, पेजला नव्हे. प्रत्येक फेसबुक वापरकर्त्याला स्वतःचे वैयक्तिक जाहिरात खाते उघडता येते. कर्मचाऱ्याने आपल्या वैयक्तिक जाहिरात खात्यात दुकानाचे कार्ड घातले असेल, तर पेजवरून त्याचे नाव काढल्यानंतरही ते कार्ड त्याच्या खात्यात राहते. दुकानदाराला ते फेसबुकवर दिसतही नाही. अशा वेळी कर्मचाऱ्याकडून कार्ड काढून घ्यावे आणि बँकेला सांगून ते बदलून घ्यावे, हाच उपाय उरतो.

## उदाहरण

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीच्या विणकामासाठी प्रसिद्ध गाव आहे आणि तेथील पैठणी घरबसल्या विकण्यासाठी समाजमाध्यमांचा उपयोग केला जातो. पुढील उदाहरण काल्पनिक आहे, परंतु लहान व्यवसायांत नेहमी आढळणारी रचना त्यातून स्पष्ट होते.

समजा, येवल्यातील एका पैठणी विक्रेत्याचे फेसबुक पेज त्याच्या तरुण कर्मचाऱ्याने उघडले. पेज त्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून उघडल्यामुळे तो आपोआप ॲडमिन झाला. दुकानदाराला फोटो टाकता यावेत म्हणून त्याने दुकानदाराला एडिटर केले. इन्स्टाग्राम खाते कर्मचाऱ्याच्या ईमेलवर उघडले गेले. जाहिराती कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक जाहिरात खात्यातून दिल्या जात आणि पैसे दुकानदाराच्या डेबिट कार्डावरून जात. चार वर्षे सगळे सुरळीत चालले. दिवाळीनंतर कर्मचाऱ्याला नाशिक शहरात दुसरी नोकरी मिळाली आणि महिनाअखेर तो काम सोडणार असे ठरले.

दुकानदार रोज पेजवर पोस्ट टाकतो, ग्राहकांना उत्तरे देतो आणि म्हणून पेज आपल्या हातात आहे असे समजतो. प्रत्यक्षात तो एडिटर असल्याने कर्मचाऱ्याला काढू शकत नाही. उलट कर्मचारी त्याला एका क्षणात काढू शकतो. पेज दुकानदाराचे असूनही त्याच्या परतीचा मार्ग कर्मचाऱ्याच्या संमतीतून जातो. ही संमती सहज मिळण्याचा काळ म्हणजे कर्मचारी अजून कामावर असतानाचे दिवस.

महिना संपण्याच्या दहा-बारा दिवस आधी दुकानदाराने कर्मचाऱ्याला सोबत बसवून स्वतःची भूमिका पूर्ण नियंत्रणाची करून घेतली आणि मुलीलाही तोच अधिकार देवविला. दोघांनी निमंत्रणे आपापल्या फोनवर स्वीकारली आणि यादीत दोघांची नावे दिसू लागली. त्यानंतर कर्मचाऱ्याला पूर्ण नियंत्रणावरून आंशिक नियंत्रणावर आणले. अशा रीतीने उरलेले दिवस त्याचे पोस्ट टाकण्याचे काम न अडता, पेजची किल्ली मात्र दुकानदाराकडे आली. इन्स्टाग्रामचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक बदलून दुकानाचा केला आणि मग पासवर्ड बदलला. हा क्रम उलटा केला असता, तर पासवर्ड बदलल्याची सूचना आणि तो परत बदलण्याचा दुवा कर्मचाऱ्याच्या ईमेलवर गेला असता. दुकानदाराच्या नावाने नवे जाहिरात खाते उघडले, कर्मचाऱ्याच्या खात्यातून कार्ड काढले आणि बँकेकडून नवे कार्ड घेतले. शेवटच्या दिवशी `Page access` मधून कर्मचाऱ्याचे नाव काढले. आठवड्याने यादी पुन्हा पाहिली, तेव्हा तेथे दोनच नावे होती.

हीच कामे कर्मचारी गेल्यानंतर करायची ठरवली असती, तर पहिल्याच पायरीवर, म्हणजे ॲडमिनचा अधिकार मिळवण्यावर, सर्व अडले असते.

## माजी कर्मचारी एकमेव ॲडमिन असल्यास

एकमेव ॲडमिनला पेज सोडण्यापूर्वी दुसरा ॲडमिन नेमावा लागतो. तो तसे करण्यास तयार नसेल किंवा त्याच्याशी संपर्कच होत नसेल, तर पेजच्या आतून कोणताही मार्ग उरत नाही. अशा वेळी मेटा कंपनीकडे पेजच्या व्यवस्थापनाविषयीचा वाद नोंदवावा लागतो आणि पेज संबंधित व्यवसायाचे असल्याचे कागदोपत्री दाखवावे लागते. दुकान परवाना, वस्तू व सेवा कर नोंदणी, ट्रेडमार्क नोंदणी, नेमणूकपत्र आणि कर्मचाऱ्याला पेजचे काम सोपवल्याचा लेखी पुरावा ही कागदपत्रे येथे उपयोगी पडतात. निर्णय कंपनीच्या हातात असतो आणि तो अनुकूल लागेलच अशी हमी नसते.

पेजवरील अधिकार आणि पेजची मालकी यांतील अंतर अमेरिकेतील एका न्यायालयीन प्रकरणात स्पष्ट झाले. ‘द गेम’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका चाहतीने 2008 मध्ये मालिकेचे अनधिकृत पेज उघडले होते. पुढे बीईटी या वाहिनीने तिला ते सांभाळण्यासाठी मानधनावर नेमले आणि 2011 मध्ये दोघांत लेखी करार झाला. पेजला पसंती देणाऱ्यांची संख्या साठ लाखांवर गेली. 2012 मध्ये कायम नोकरीच्या बोलण्यांत मतभेद झाल्यावर तिने वाहिनीचे पेजवरील अधिकार कमी केले. वाहिनीने फेसबुकला विनंती करून पेजचे चाहते आपल्या अधिकृत पेजवर वळवून घेतले. चाहतीने दावा केला, पण फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने 2014 मध्ये निकाल वाहिनीच्या बाजूने दिला. पसंती देणारे लोक ती केव्हाही काढून घेऊ शकतात, म्हणून पसंतीवर पेज चालवणाऱ्याची मालमत्ता म्हणून मालकी सांगता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या प्रकरणात वाहिनीच्या हाती दोन गोष्टी होत्या: मालिकेवरील तिचा हक्क आणि लेखी करार. ज्या लहान व्यवसायाकडे यांपैकी काहीच नसते, त्याची बाजू दुबळी राहते.

## भारतातील कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 43 नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणक व्यवस्थेत प्रवेश करणे, तीतील माहिती नष्ट करणे किंवा अधिकृत व्यक्तीला प्रवेश नाकारणे यासाठी भरपाई मागता येते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे कलम 66सी खाली येते.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलीस ठाण्यात करता येते. आर्थिक फसवणूक झाली असल्यास 1930 हा मदत क्रमांक आहे. नाशिक शहरासाठी पोलीस आयुक्तालय आणि येवल्यासारख्या तालुक्यांसाठी नाशिक ग्रामीण पोलीस अशी हद्द वेगळी आहे. पुरावा म्हणून पडद्याची छायाचित्रे द्यायची असतील, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे त्यांसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

माजी कर्मचाऱ्याचे नाव पेजवर राहिले, एवढ्याने मात्र त्याच्याकडून गुन्हा घडत नाही. तो प्रवेश त्याला संस्थेनेच दिलेला असतो. तो परवानगीवाचून झाला हे दाखवण्यासाठी परवानगी केव्हा संपली हे सिद्ध करावे लागते. कार्यमुक्तीच्या पत्रात पेज, इन्स्टाग्राम, जाहिरात खाते आणि दूरध्वनी क्रमांक यांवरील अधिकार कोणत्या दिवशी संपला आणि काय काय परत केले, हे लिहून दोघांची स्वाक्षरी घेतल्यास ती तारीख निर्विवाद होते. असे पत्र कर्मचाऱ्याचेही रक्षण करते. तो गेल्यानंतर पेजवर काही आक्षेपार्ह प्रसिद्ध झाले, तर त्या दिवशी आपल्याकडे प्रवेश नव्हता हे त्याला त्याच पत्राने दाखवता येते.

## हेही पाहा

* फेसबुक
* इन्स्टाग्राम
* माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000
* पैठणी
* येवला